मृत्युपत्रात न लिहिलेल्या मालमत्तेचे काय होते? उर्वरित कलम लिहिण्याची आणि वापरण्याची पद्धत

आपल्याकडे मृत्युपत्र लिहिण्याची रीत साधारण ठरलेली आहे. अमुक गट थोरल्याला, तमुक गट धाकट्याला, राहते घर बायकोला, दागिने मुलीला. खाली सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार. तालुक्याच्या दस्तलेखकाकडे तयार नमुना असतो, त्यात गट नंबर आणि चतुःसीमा भरल्या की काम झाले असे वाटते. पण माणूस त्यानंतरही दहा-पंधरा वर्षे जगतो. त्या काळात एखादा गट विकला जातो, शहरात प्लॉट घेतला जातो, ठेवी वाढतात, अडत्याकडे पैसे अडकतात. यांतले काहीच त्या कागदावर नसते.

या न लिहिलेल्या मालमत्तेसाठी मृत्युपत्राच्या शेवटी जे एक कलम लागते त्याला उर्वरित मालमत्तेचे कलम किंवा नुसते उर्वरित कलम म्हणतात. "वर दिलेले सोडून माझे जे काही उरेल ते सर्व अमक्याला" एवढाच त्याचा गाभा. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ यातील कलम १०२ ते १०९ चा या विषयाशी संबंध येतो आणि ती हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्या मृत्युपत्रांनाही लागू आहेत. कलम १०३ सांगते की असे कलम असेल तर मृत्यूच्या वेळी त्या व्यक्तीची जी मालमत्ता असेल, आणि जिची दुसरी परिणामकारक व्यवस्था मृत्युपत्रात नसेल, ती सगळी उर्वरित लाभार्थीला मिळते. यातले "मृत्यूच्या वेळी" हे शब्द महत्त्वाचे. मृत्युपत्र २०१४ चे आणि प्लॉट २०१९ चा असला तरी तो या कलमात येतो.

हे कलम नसेल तर अख्खे मृत्युपत्र रद्द होते असा एक गैरसमज आहे. तसे होत नाही. जे लिहिले ते लिहिल्याप्रमाणे जाते. जे लिहिले नाही तेवढ्यापुरता तो माणूस मृत्युपत्र न करताच वारला असे कायदा धरतो, आणि तेवढी मालमत्ता हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे वारसांत वाटली जाते. म्हणजे एकाच माणसाची अर्धी मालमत्ता मृत्युपत्राने आणि अर्धी वारसाहक्काने जाऊ शकते.

एक कुटुंब, एक कागद

जालना जिल्ह्यातले एक शेतकरी समजा. घरात पत्नी, दोन मुलगे आणि परभणीला दिलेली एक मुलगी. आईवडील आधीच वारलेले. २०१४ साली त्यांनी मृत्युपत्र नोंदवले. स्वतः विकत घेतलेला सहा एकरांचा मोसंबीचा गट थोरल्याला, स्वतःच घेतलेला पाच एकरांचा कोरडवाहू गट धाकट्याला, घर पत्नीला, दहा तोळे सोने मुलीला. उर्वरित कलम नाही.

२०१९ साली त्यांनी पाच एकरांचा कोरडवाहू गट ४० लाखांना विकला. त्यातून छत्रपती संभाजीनगरला १८ लाखांचा प्लॉट घेतला, २० लाखांची मुदत ठेव केली, दोन लाख खर्च झाले. मृत्युपत्र कपाटात तसेच राहिले. २०२४ साली ते वारले तेव्हा बचत खात्यात ३ लाख होते, अडत्याकडून १ लाख येणे होते आणि दवाखान्याचे व हातउसने मिळून २ लाख देणे होते. मोसंबीच्या गटावर सोसायटीचा बोजा होता, तो वेगळा.

थोरला सहा एकर घेतो, आई घर घेते, मुलगी सोने घेते. धाकट्याला मृत्युपत्राने काहीच मिळत नाही. एखादी नेमकी वस्तू मृत्युपत्राने दिली आणि मरताना ती वस्तू माणसाची राहिलीच नाही, तर ती देणगी संपते, असे त्याच कायद्याचे कलम १५२ सांगते. "माझ्या वाट्याच्या वावराचे पैसे आहेत, म्हणजे ते माझे" हा धाकट्याचा युक्तिवाद माणूस म्हणून पटतो, पण मृत्युपत्रात तसे लिहिलेले नसेल तर कायद्यात बसत नाही.

आता न लिहिलेली मालमत्ता मोजा. प्लॉट १८, ठेव २०, बचत खाते ३ आणि येणे १, मिळून ४२ लाख. त्यातून २ लाख देणे गेले की ४० लाख उरतात. हे उर्वरित कलम नसल्यामुळे पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी या चौघांत सारखे जातात, प्रत्येकी १० लाख. म्हणजे सहा एकर बागायत मिळालेला थोरला या ४० लाखांतही चौथाईचा धनी होतो, आणि ज्याच्या वाट्याचा गट विकून हे पैसे आले तो धाकटा १० लाखांवर राहतो. प्लॉट चौघांच्या नावावर चढतो. पुढे विकायचा तर चार सह्या लागतात.

आता याच मृत्युपत्रात शेवटी "बाकी सर्व माझ्या पत्नीला" अशी एक ओळ होती असे समजा. मग पूर्ण ४० लाख पत्नीला जातात. प्लॉटला एकच नाव लागते. पण धाकट्याला १० लाखसुद्धा मिळत नाहीत; आई जे देईल ते. नवख्या माणसाने इथे थांबून विचार करावा. उर्वरित कलम मालमत्ता मोकळी राहू देत नाही, एवढेच त्याचे काम. विस्कटलेली वाटणी ते आपोआप बरोबर करत नाही. म्हणून हे कलम लिहिताना "काय विसरले असेल" यापेक्षा "काय काय इथे येऊन पडू शकते" याचा विचार जास्त करावा लागतो. कधी कधी इथे पडणारी मालमत्ता वर नावाने दिलेल्या मालमत्तेपेक्षा मोठी होते.

पहिली पायरी: उर्वरितमध्ये काय पडेल याची यादी

ही यादी मृत्युपत्रात लिहायची नाही, स्वतःसाठी करायची. साध्या कागदावर चार गोष्टी लिहा.

पहिली, आज असलेली पण किरकोळ वाटून सोडून दिलेली मालमत्ता: बचत खाती, पोस्टातील ठेवी, साखर कारखान्याचे व सोसायटीचे भाग, अडत्याकडचे आणि नातेवाइकांकडचे येणे, ट्रॅक्टर, जनावरे.

दुसरी, पुढे येऊ शकणारी मालमत्ता. मराठवाड्यात यात वाढीव मोबदल्याचे दावे हमखास असतात. जमीन धरणात किंवा रस्त्यात कधीच गेलेली असते, मूळ मोबदला उचललेला असतो, पण वाढीव मोबदल्याचा दावा वर्षानुवर्षे चालू असतो. जमीन आता आपली नाही म्हणून ती कुणी मृत्युपत्रात लिहीत नाही. पण वाढीव रक्कम मिळण्याचा हक्क ही मालमत्ताच आहे. दावेदार मध्येच वारला तर तो हक्क उर्वरित लाभार्थीकडे जातो, आणि उर्वरित कलम नसेल तर सगळ्या वारसांकडे. पाच-सात वारसांची नावे दाव्यात लावण्यात जी धावपळ होते, तिचे मूळ बऱ्याचदा इथे असते.

तिसरी, नावाने दिलेल्या पण फसू शकणाऱ्या देणग्या. ज्याला दिले तो आधी वारला किंवा दिलेली वस्तू विकली गेली, तर काय होईल ते प्रत्येक देणगीसमोर लिहा.

चौथी, एकत्र कुटुंबातील आपला हिस्सा. याबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण घोटाळे इथेच जास्त होतात.

वडिलोपार्जित जमिनीतला हिस्साही उर्वरितमध्ये जातो

"वडिलोपार्जित जमिनीचे मृत्युपत्र होत नाही" हे वाक्य गावोगाव ऐकू येते. ते अर्धवट आहे. पूर्ण जमिनीचे होत नाही, पण स्वतःच्या अविभक्त हिश्श्याचे होते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० मध्ये तसे स्पष्ट आहे. त्यामुळे मृत्युपत्रात फक्त खरेदीच्या जमिनी लिहिल्या आणि शेवटी "माझी उर्वरित सर्व मालमत्ता पत्नीला" असे म्हटले, तर वाटणी न झालेल्या जमिनीतला त्या माणसाचा हिस्साही पत्नीला जातो. लिहिणाऱ्याच्या मनात ते होते की नव्हते, हा प्रश्न मग कोर्टात निघतो.

हिस्सा किती ते आधी ठरवा. आपल्या उदाहरणातल्या शेतकऱ्याकडे एकत्र कुटुंबाची तीन एकर जमीन असेल, तर त्याच्या मृत्यूच्या क्षणाआधी वाटणी झाली असे मानून हिशेब करतात. महाराष्ट्रात अशा वाटणीत पत्नीलाही मुलाइतका हिस्सा मिळतो, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार असते. म्हणजे तो, पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी असे पाच हिस्से. एका हिश्श्याला चोवीस गुंठे येतात. उर्वरित कलमाने जातील ते एवढे चोवीस गुंठे, तीन एकर नव्हेत.

मात्र प्रत्येक जुनी जमीन या अर्थाने एकत्र कुटुंबाची नसते. आजोबा १७ जून १९५६ नंतर वारले आणि त्यांची स्वतःची जमीन वारसाहक्काने वडिलांच्या नावे आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मालमत्ता असे न्यायालये सर्वसाधारणपणे धरतात. तसे असेल तर वडिलांच्या नावे आलेली ती पूर्ण जमीन उर्वरितमध्ये पडते. म्हणून लिहिण्याआधी जुने फेरफार काढा. सातबारावरच्या फेरफार क्रमांकांवरून मागे मागे जाता येते. निजामकाळातील नोंदी उर्दूत असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या. जमीन आपल्याकडे खरेदीने, वाटणीने की वारसाने आली आणि कोणत्या साली, हे कळल्याशिवाय उर्वरित कलमाचा आकार कळत नाही.

दुसरी पायरी: प्रत्यक्ष शब्द

कलम १०२ प्रमाणे यासाठी ठरावीक शब्दांची गरज नाही. उरलेले अमक्याला द्यावे हा हेतू दिसला की पुरे. पण हेतू दिसतो की नाही यावरच भांडणे होतात, म्हणून शब्द सढळ हाताने वापरा. खालील मसुदा आपल्या उदाहरणातल्या कुटुंबासाठी आहे:

"वर कलम १ ते ४ मध्ये दिलेल्या मिळकती सोडून, माझ्या मृत्यूच्या वेळी माझ्या मालकीची किंवा हक्काची असलेली इतर सर्व स्थावर व जंगम मालमत्ता, मग ती आज माझ्याकडे असो वा यापुढे येवो, तिचा उल्लेख या मृत्युपत्रात असो वा नसो, त्यात सर्व ठेवी, भाग, येणे रकमा, मोबदल्याचे हक्क व एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील माझा हिस्सा धरून, तसेच या मृत्युपत्रातील जी देणगी कोणत्याही कारणाने अमलात येणार नाही ती मालमत्ता, या सर्वांतून माझी देणी व अंत्यविधीचा खर्च भागवून जे उरेल ते माझ्या पत्नीला द्यावे. पत्नी माझ्या आधी वारल्यास ते माझे दोन मुलगे व मुलगी यांना समान तीन हिश्श्यांनी द्यावे. त्यांपैकी कोणी माझ्या आधी वारल्यास त्याचा हिस्सा त्याच्या मुलांना सारखा द्यावा. मुले नसल्यास तो हिस्सा राहिलेल्यांना सारखा द्यावा."

हे लांबलचक वाटेल, पण यातला प्रत्येक तुकडा एका नेहमीच्या भांडणासाठी आहे. "यापुढे येवो" हे नंतर घेतलेल्या प्लॉटसाठी. "येणे रकमा" अडत्यासाठी. एकत्र कुटुंबातील हिस्सा द्यायचा नसेल तर तो तुकडा गाळून भागणार नाही. "तो हिस्सा सोडून" असे लिहावे लागेल, नाहीतर "सर्व मालमत्ता" या शब्दांत तो येतोच.

एक शब्द मात्र टाळा: "वगैरे". "घरातील भांडी, कपाटे, पलंग वगैरे इतर सर्व वस्तू सुनेला" अशा वाक्यावर सून वीस लाखांच्या ठेवीवर हक्क सांगू शकते, आणि बाकीचे म्हणतात की "इतर वस्तू" म्हणजे भांड्याकुंड्यांसारख्याच वस्तू. न्यायालय बहुधा दुसऱ्या बाजूने अर्थ लावते. उर्वरित कलम घरसामानाच्या वाक्याला चिकटवू नका. स्वतंत्र क्रमांक देऊन शेवटी लिहा.

तिसरी पायरी: विकलेल्या गटाची सोय

धाकट्यावर आलेली वेळ उर्वरित कलमाने सुटत नाही, ती त्याच्या देणगीच्याच कलमात सोडवावी लागते. तिथे असे वाक्य घाला: "हा गट मी हयातीत विकला, बदलला किंवा तो सरकारने संपादित केला, तर त्याच्या किमतीपैकी वा मोबदल्यापैकी शिल्लक असलेली रक्कम, येणे असलेली रक्कम आणि त्या पैशातून घेतलेली मालमत्ता माझ्या धाकट्या मुलाला द्यावी."

वाक्य लिहून भागत नाही, पैशाचा माग राहायला हवा. विक्रीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, इतर पैशांत मिसळू नका. नवा प्लॉट त्या खात्यातल्या पैशांनीच घ्या आणि खरेदीखतात रक्कम कोणत्या विक्रीतून आली ते लिहून घ्या. चाळीस लाख नेहमीच्या खात्यात पडले आणि त्यात कापसाचे, सोयाबीनचे पैसे मिसळले, तर दहा वर्षांनी कुठले पैसे कुठले हे कुणाला सांगता येत नाही.

भूसंपादनाची गोष्ट जरा निराळी आहे. वस्तूत झालेला बदल मालकाच्या मर्जीने न होता कायद्याच्या अंमलाने झाला तर देणगी टिकते, असाही नियम याच कायद्यात आहे. त्यामुळे सक्तीने गेलेल्या गटाचा मोबदला त्या गटाच्या लाभार्थीचा की उर्वरित लाभार्थीचा, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. वरचे वाक्य असेल तर हा वाद उभाच राहत नाही.

चौथी पायरी: उर्वरित लाभार्थी आधी वारला तर

नावाने देणगी मिळालेला माणूस मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधी वारला तर ती देणगी उर्वरितमध्ये पडते. पण उर्वरित लाभार्थीच आधी वारला तर पडायला खाली काहीच नसते. ती मालमत्ता मृत्युपत्र नसल्यासारखी वारसांत जाते. नवराबायको जवळपास एकाच वयाचे असतात, त्यामुळे "बाकी सर्व पत्नीला" एवढीच ओळ असलेली अनेक मृत्युपत्रे अशी फुकट जातात.

दोघांना दिले असेल तर शब्दांकडे नीट पाहा. "उर्वरित माझी पत्नी व माझा भाचा यांना" असे एकत्र लिहिले आणि पत्नी आधी वारली, तर पूर्ण उर्वरित भाच्याला जाते. "पत्नी व भाचा यांना निम्मे-निम्मे" असे लिहिले तर पत्नीचे निम्मे भाच्याला मिळत नाही. कलम १०८ प्रमाणे ते मोकळे राहते आणि वारसांत जाते. दोन शब्दांनी अर्धी मालमत्ता इकडची तिकडे होते.

स्वतःच्या मुलाबाळांसाठी कलम १०९ मध्ये सवलत आहे. मुलगी वडिलांच्या आधी वारली पण तिची मुले हयात आहेत, तर तिची देणगी संपत नाही. ती वडिलांच्या लगेच नंतर वारली असे मानले जाते. याचा बारीक अर्थ असा की ती मालमत्ता तिची म्हणून जाते, थेट नातवंडांना नाही. तिने स्वतः मृत्युपत्र केले नसेल तर तिच्या मुलांबरोबर जावईही सारख्या वाट्याचा धनी होतो. वडिलांना तसे नको असेल तर "तिच्या मुलांना" असे स्पष्ट लिहावे. वरच्या मसुद्यात ते आहेच. सून, पुतण्या, भाचा किंवा बायको यांना ही सवलत नाही.

देणे कुणाच्या वाट्यातून जाते

उर्वरित म्हणजे देणी आणि इतर देणग्या भागवून राहिलेले. म्हणून दवाखाना, हातउसने, अंत्यविधी हे आधी इथून जातात. देणे मोठे असेल तर उर्वरित लाभार्थीच्या हाती शून्यही येऊ शकते, आणि सहा एकरवाला तरीही सहा एकर घेऊन बसतो. ज्याची काळजी सगळ्यात जास्त आहे त्याला फक्त उर्वरितवर ठेवू नका. त्याला काहीतरी नावानेही द्या.

गटावरचा बोजा मात्र गटाबरोबर जातो. सातबाराच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा असेल आणि मृत्युपत्रात वेगळे काही लिहिले नसेल, तर गट घेणाऱ्याने तो फेडायचा. उर्वरितमधून फेडायचा असेल तर तसे लिहा.

पाचवी पायरी: सही, साक्षी आणि नंतरचे बदल

दोन साक्षीदार लागतात आणि प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याची सही किंवा अंगठा होताना पाहिलेला असावा, किंवा त्याने स्वतः सांगितलेले असावे की सही माझीच. मग साक्षीदाराने त्याच्यासमोर सही करायची. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या. लाभार्थीला साक्षीदार करू नका. हिंदूंच्या बाबतीत तेवढ्याने देणगी रद्द होत नसली तरी संशयाला जागा होते, आणि उर्वरित लाभार्थीकडे बरेच काही जाणार असल्याने तोच संशयाचा पहिला धनी असतो.

नंतर प्लॉट घेतला म्हणून जुन्या मृत्युपत्राच्या समासात पेनाने त्याचा नंबर लिहू नका. सही आणि साक्षी यांशिवाय असा बदल धरला जात नाही, आणि खाडाखोड दिसल्याने मूळ कागदावरही शंका येते. पुरवणी मृत्युपत्र करा. त्यालाही तशाच सह्या लागतात.

मुस्लिम कुटुंबांसाठी हिशेब वेगळा आहे. वसियत साधारणपणे देणी भागवून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच चालते. त्यापुढे वारसांची संमती लागते. सुन्नी हनफी नियमाने वारसालाच काही द्यायचे तरी बाकीच्या वारसांची संमती लागते. "बाकी सर्व अमक्याला" हे कलम त्या मर्यादेतच काम करते.

मृत्यूनंतर: न लिहिलेली मालमत्ता हातात कशी घ्यावी

मृत्युपत्र समोर ठेवा आणि सापडलेल्या प्रत्येक मालमत्तेसमोर तीनपैकी एक शेरा लिहा: नावाने दिलेली, उर्वरित, किंवा मोकळी. तिसऱ्या शेऱ्याची मालमत्ता असेल तर सगळे वारस आत येतात, मग मृत्युपत्रात त्यांचे नाव असो वा नसो.

बँकेच्या ठेवीत नामनिर्देशन पाहा. ठेवीवर थोरल्याचे नामनिर्देशन असेल तर बँक पैसे थोरल्याला देते आणि मोकळी होते. पण थोरला मालक होत नाही. उर्वरित लाभार्थीसाठी तो ते पैसे सांभाळतो आणि द्यायला बांधील असतो. शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुले यांचे नामनिर्देशन असेल तर रक्कम त्यांचीच होते, त्यामुळे ती उर्वरितमध्ये धरू नका. नामनिर्देशन नसेल आणि बँक अडून बसली तर दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते ठेवी, शेअर आणि येण्यासाठीच चालते, जमीन-प्लॉटसाठी नाही.

जमिनीसाठी तलाठी कार्यालयात मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र आणि वारसांची यादी देऊन फेरफारासाठी अर्ज करा. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचे असते. सर्व संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नावाने दिलेल्या गटाची नोंद इथे सहसा होते. उर्वरितची अडते, कारण मृत्युपत्रात तो गट नंबरच नसतो आणि अधिकारी विचारतो, यात हा गट कुठे आहे? अर्जातच लिहा की ही मिळकत अमुक तारखेच्या खरेदीखताने आली, मृत्युपत्राच्या कोणत्याही कलमात ती नावाने दिलेली नाही, म्हणून ती शेवटच्या उर्वरित कलमात येते; सोबत खरेदीखताची नक्कल जोडा. बाकी वारसांची लेखी संमती मिळत असेल तर तीही द्या. कुणी हरकत घेतली तर महसूल अधिकारी मृत्युपत्राचा अर्थ लावून मालकी ठरवू शकत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि सातबारावरची नोंद म्हणजे मालकीचा निकाल नव्हे. मराठवाड्यातील हिंदूच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, सक्तीचे नाही. कुणी सरसकट मागत असेल तर कारण लेखी मागा.

उर्वरित कलमच नसेल आणि वारसांना ४० लाखांची वाटणी वेगळी करायची असेल, उदाहरणार्थ थोरल्याने आपला हक्क धाकट्यासाठी सोडायचा असेल, तर प्लॉटसाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागते. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर घरी लिहिलेला "समजुतीचा कागद" स्थावर मालमत्तेवरचा हक्क सोडायला पुरत नाही, आणि थोरल्याच्या पश्चात त्याच्या मुलांनी तो नाकारला की प्लॉट पुन्हा चार नावांवर येतो.

शेवटी, घरच्यांनाही माहीत नसलेल्या मालमत्तेचा शोध घ्या. जुन्या पासबुकांच्या चळतीत बंद पडलेली खाती असतात. दहा वर्षे व्यवहार नसलेल्या खात्यांतील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण दावा संपत नाही. अनेक बँकांतील अशा ठेवी udgam.rbi.org.in या संकेतस्थळावर नाव व ओळखीचा क्रमांक टाकून एकाच वेळी शोधता येतात. आसपासच्या गावांचे आठ-अ उतारेही त्या नावाने पाहून घ्या. असे काही वर्षांनी सापडले तरी नियम बदलत नाही. उर्वरित कलम असेल तर ते उर्वरित लाभार्थीचे, आणि तो मृत्युपत्र करणाऱ्यानंतर वारला असेल तर त्याच्या वारसांचे.